शब्दाची वीज, विजेचा शब्द: 10 मार्च 1876 चा टेलिफोन टेबलावर कसा उभा करावा

बॉस्टनमध्ये 10 मार्च 1876 रोजी अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी आपल्या वहीत एका यंत्राचं साधं रेखाचित्र काढलं. त्यात एक मुखनळी आहे. तिच्या तळाशी ताणलेला पडदा, पडद्याला लोंबणारी प्लॅटिनमची तार आणि तारेचं टोक बुडेल इतकं आम्ल मिसळलेलं पाणी, एवढाच तो बोलण्याचा भाग. दुसऱ्या खोलीत ऐकण्याचा भाग होता: विद्युतचुंबकासमोर धरलेली पोलादी पट्टी. बेलचे मदतनीस टॉमस वॉटसन त्या पट्टीला एक कान घट्ट लावून बसले होते आणि दुसरा कान त्यांनी हाताने झाकला होता. दोन्ही खोल्यांची दारं बंद होती. बेल मुखनळीत ओरडले, "मिस्टर वॉटसन, इकडे या, मला तुम्हाला भेटायचंय." वॉटसन आले आणि काय ऐकलं ते त्यांनी सांगितलं. आम्ल अंगावर सांडल्याची जी गोष्ट सगळीकडे सांगितली जाते, ती या वहीत नाही. ती वॉटसननी पुष्कळ वर्षांनी सांगितली.

वहीत पुढे आहे ते जास्त उपयोगाचं आहे. दोघांनी जागा बदलल्या आणि वॉटसन पुस्तकातले उतारे वाचू लागले. बेलना आवाज मोठा, पण गुरफटलेला ऐकू आला. सुटे दोन-चार शब्द कळले आणि शेवटी एक अख्खं वाक्य स्पष्ट आलं. हे यंत्र पुन्हा उभं करणाऱ्यालाही सुरुवातीला नेमकं हेच ऐकू येतं. तसं का होतं, ते यंत्र करता करता कळतं.

आधी एक गोष्ट स्पष्ट हवी

तारेतून आवाज पाठवण्याचे प्रयत्न बेलच्या आधीही झाले होते. जर्मनीत फिलिप राइस यांनी 1861 मध्ये आपलं यंत्र दाखवलं. त्यांची कल्पना अशी, की पडदा हलला की विजेचा संपर्क जुळावा आणि तुटावा. सेकंदाला 200 वेळा पडदा हलला तर संपर्क 200 वेळा तुटतो, म्हणून स्वराची उंची पलीकडे पोचते आणि गाण्याची चाल ओळखू येते. पण 'आ' आणि 'ई' एकाच उंचीवर म्हटले तर दोन्हींचे ठोके सारखेच पडतात. या दोन स्वरांतला फरक ठोक्यांच्या संख्येत नसतो, तो प्रत्येक लहरीच्या आकारात असतो. संपर्क फक्त 'आहे' किंवा 'नाही' एवढंच सांगतो, त्यामुळे आकार वाटेत हरवतो.

बेलचा मुद्दा हा होता की प्रवाह तुटूच द्यायचा नाही. तो सतत वाहू द्यायचा आणि हवेचा दाब जसा चढतो-उतरतो तसाच त्यालाही चढवायचा-उतरवायचा. 7 मार्च 1876 रोजी मंजूर झालेल्या 174,465 क्रमांकाच्या अमेरिकी पेटंटमधला कळीचा दावा हाच आहे: हवेच्या कंपनांसारख्याच आकाराची विजेची आंदोलनं. खाली जे काही जुळवायचं आहे, त्याची कसोटीही तीच. प्रवाह कुठेही तुटला तर टेलिफोन बिघडला असं समजावं.

ऐकण्याचा भाग आधी करावा

बहुतेक जण बोलण्याच्या भागापासून सुरुवात करतात आणि मग काहीच ऐकू आलं नाही तर दोष कुठे आहे ते कळत नाही. ऐकण्याचा भाग स्वतंत्रपणे तपासता येतो, म्हणून तो आधी.

8 मिलिमीटर जाडीचा, 50 मिलिमीटर लांबीचा साधा लोखंडी बोल्ट आणि त्याचे दोन नट घ्या. बोल्टवर कागदाचे दोन वेढे चिकटवा आणि पुठ्ठ्याच्या दोन चकत्या एकमेकींपासून 30 मिलिमीटरवर बसवा. त्यांच्यामध्ये 0.2 मिलिमीटरच्या वाइंडिंग वायरचे 1000 वेढे द्या. मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात ही तार मिळते आणि सुमारे 35 मीटर पुरते. दोन्ही टोकांवरचं एनॅमल पॉलिश पेपरने पूर्ण खरवडून काढा, कारण पुढे 'लाइन मेली' अशी तक्रार आली तर निम्म्या वेळा हे न खरवडलेलं टोकच गुन्हेगार असतं. मल्टीमीटरवर या कॉइलचा रोध 18 ते 20 ओहम यायला हवा. 10 ओहमच्या आसपास आला तर वेढे कमी पडले आहेत किंवा आत कुठेतरी एनॅमल निघून वेढे एकमेकांना चिकटले आहेत.

पडद्यासाठी साधारण 70 मिलिमीटर रुंदीच्या डब्याचं पातळ, सपाट पत्र्याचं झाकण घ्या. त्याला चुंबक चिकटतो ना, ते पाहूनच घ्या, अॅल्युमिनियमचं चालत नाही. ज्या झाकणावर गोल गोल वळ्या उठवलेल्या असतात ते फार ताठ असतं, तेही नको. झाकणाची कड लाकडी किंवा पीव्हीसीच्या कड्यावर सगळीकडून घट्ट बसवा. कड्याच्या मागे आडवी पट्टी लावा आणि तिच्या मधल्या भोकातून बोल्ट असा घाला, की त्याचं टोक झाकणाच्या बरोबर मध्यापासून अर्धा मिलिमीटर लांब राहील. दोन व्हिजिटिंग कार्डं आत सरकवून हे अंतर मोजता येतं. या बोल्टचे आटे 1.25 मिलिमीटरच्या अंतराने असतात, म्हणजे पाव फेऱ्याला टोक सुमारे 0.3 मिलिमीटर सरकतं. पट्टीच्या दोन्ही बाजूंचे नट आवळले की बोल्ट जागच्या जागी पक्का होतो.

आता तपासणी. मोबाइलच्या हेडफोनच्या जोडणीतून 33 ओहमचा रेझिस्टर मध्ये घालून कॉइलला आवाज द्या. 200 हर्ट्झचा सूर वाजवणारं अॅप असेल तर तेच वापरा. झाकणाला कान लावा. सूर अगदी क्षीण येईल आणि अपेक्षेपेक्षा एक सप्तक वर ऐकू येईल. बोलणं लावलं तर ते चिरकं आणि न कळण्यासारखं लागेल. मग बोल्टच्या मागच्या टोकाला एक छोटा चुंबक चिकटवा. आवाज एकदम मोठा होतो, सूर आपल्या मूळ जागी येतो आणि शब्द कळू लागतात.

या प्रयोगावर थोडं थांबायला हवं, कारण टेलिफोनचं अर्धं मर्म इथे आहे. विद्युतचुंबक पत्र्याला फक्त ओढतो, ढकलत नाही. प्रवाह सुलट असो की उलट, पत्रा जवळच येतो. म्हणून नुसता उलटसुलट प्रवाह दिला तर एका आवर्तनात पत्रा दोनदा ओढला जातो आणि 200 चे 400 होतात. आधीपासून एक स्थिर ओढ असेल तर गोष्ट बदलते. मग प्रवाह एका दिशेने वाढला की ओढ थोडी वाढते, दुसऱ्या दिशेने गेला की थोडी कमी होते आणि पत्रा लहरीच्या मागोमाग पुढे-मागे होतो. ही स्थिर ओढ चुंबकातून येऊ शकते किंवा बॅटरीच्या सततच्या प्रवाहातून. 10 मार्चच्या यंत्रात ती बॅटरीतून येत होती. तपासणी झाली की चुंबक काढून बाजूला ठेवा.

बोलण्याचा भाग

75 मिलिमीटरचं पीव्हीसी कपलिंग घ्या. बटर पेपर हलका ओला करून त्याच्या एका तोंडावर ताणून बसवा, कडेला फेव्हिकॉल लावा, वरून दोऱ्याने आवळा आणि रात्रभर सुकू द्या. सुकताना कागद आखडतो आणि आपोआप ताणला जातो. बोटाने टिचकी मारल्यावर लहान डफासारखा स्पष्ट ठोका यायला हवा. फदफद असा आवाज आला तर कागद उतरवून पुन्हा लावावा, कारण सैल पडद्याला वरच्या कंपनसंख्या झेपत नाहीत. बेलनी चर्मपत्रासारखे पातळ पडदे वापरले होते. त्यांची आणि बटर पेपरची खोड एकच: तोंडाच्या वाफेने ते ओलसर होतात आणि ताण जातो. म्हणून पडद्यापासून तोंड निदान 10 सेंटिमीटर दूर राहील अशी नळी वर जोडावी आणि लागोपाठ दोन-तीन मिनिटं बोलल्यावर पडदा सुकू द्यावा.

प्लॅटिनमच्या तारेऐवजी पेन पेन्सिलचं 0.7 मिलिमीटरचं लीड वापरा. ते वीज वाहून नेतं, गंजत नाही आणि वजनाला नगण्य असतं. 30 मिलिमीटरच्या तुकड्याचं वजन ग्रॅमच्या काही शतांशांपेक्षा जास्त भरत नाही. वजन महत्त्वाचं आहे, कारण पडद्याच्या मध्यावर जड वस्तू लटकवली की तो आळशी होतो आणि आधी 'स', 'श', 'च' असे वर्ण जातात. लीडच्या वरच्या टोकाला अनेकपदरी वायरमधला एकच केसासारखा पदर आठ-दहा वेढे देऊन घट्ट गुंडाळा. मग ते टोक पुठ्ठ्याच्या नखाएवढ्या चकतीत उभं रोवून चकती पडद्याच्या मध्यावर चिकटवा. तो पदर ढिला, वळण ठेवून बाहेर काढा. तो ताणला गेला तर पडद्याला दावं बांधल्यासारखं होतं.

दोन विटांवर एक फळी आडवी ठेवा. तिला भोक पाडून कपलिंग त्यात बसवा, पडदा खाली आणि लीड सरळ खाली लोंबणारं. त्याखाली सुमारे 60 मिलिमीटर व्यासाची, सरळ कडांची स्टीलची वाटी येऊ द्या. वाटीखाली दुमडलेला टॉवेल घाला, नाहीतर टेबलाला लागलेला प्रत्येक धक्का पाण्यावर लाट होऊन पलीकडे धडधडेल.

पाण्यात काय मिसळायचं? बेलनी सौम्य सल्फ्युरिक आम्ल घेतलं होतं. घरी त्याची गरज नाही. मीठही नको, कारण मिठाच्या पाण्यातून एकाच दिशेने वीज वाहिली की क्लोरीन सुटतो. पाव लिटर पाण्यात चहाचे अडीच सपाट चमचे खाण्याचा सोडा, म्हणजे साधारण 12 ग्रॅम, पूर्ण विरघळवा. यातून मुख्यतः हायड्रोजन आणि ऑक्सिजनचे बारीक बुडबुडे निघतात. व्हिनेगर वापरून पाहिलं तर हाती फारसं काही लागत नाही, कारण त्याचा रोध या द्रावणाच्या वीस-तीसपट असतो आणि प्रवाह फार कमी पडतो.

जोडणी आणि टोक किती बुडवावं

1.5 व्होल्टचे चार सेल एका ओळीत, म्हणजे 6 व्होल्ट. धन टोक लीडला, वाटीपासून तार पलीकडच्या खोलीतल्या कॉइलला, कॉइलचं दुसरं टोक परत सेलच्या ऋण टोकाला, असं एकच वर्तुळ. दोन्ही खोल्यांमध्ये साधी दोनपदरी वायर चालते. सुरुवातीला वर्तुळात मल्टीमीटर मिलिअँपिअरवर लावून ठेवा. सेलऐवजी मोबाइलचा चार्जर वापरण्याचा मोह होतो, पण बऱ्याच चार्जरची गुणगुण कॉइलमध्ये ऐकू येते आणि तिच्याखाली बोलणं दबतं.

धन टोक लीडलाच का? वीज वाहताना ऋण बाजूला हायड्रोजन सुटतो आणि धन बाजूला ऑक्सिजन, तोही हायड्रोजनच्या निम्माच. बुडबुडे लीडच्या टोकावर कमी हवेत, म्हणून ते धन. शिवाय स्टीलची वाटी ऋण राहिली की ती झिजत नाही.

वाटीत हे सोड्याचं पाणी इतकं घाला की लीडचं टोक पृष्ठभागाच्या जरा वर राहील. मग सिरिंजने कडेने थेंब थेंब तेच पाणी सोडा. टोक पाण्याला लागताच मीटरचा आकडा शून्यावरून उडी मारतो. 60 मिलिमीटरच्या वाटीत 3 मिलिलिटर पाण्याने पातळी सुमारे 1 मिलिमीटर चढते. टोक लागल्यावर आणखी 6 मिलिलिटर घाला, म्हणजे लीड 2 मिलिमीटर बुडेल. वाटी वर-खाली करण्याच्या कोणत्याही जुगाडापेक्षा ही सिरिंज जास्त अचूक आहे.

आता आकडा किती यावा? इथे एक चकवा आहे. 6 व्होल्ट भागिले एकूण रोध असा हिशेब केला तर तो जुळत नाही, कारण पाण्याचं विघटन करण्यातच सुमारे 2 व्होल्ट खर्च होतात. याच कारणाने एका सेलवर हे यंत्र मुळीच चालत नाही. उरले 4 व्होल्ट. 2 मिलिमीटर बुडालेल्या लीडभोवतीच्या पाण्याचा रोध सुमारे 42 ओहम, लीड आणि तारा मिळून 5, कॉइल 19, एकूण 66 ओहम. 4 भागिले 66 म्हणजे 0.06 अँपिअर, अर्थात 60 मिलिअँपिअर. 50 ते 70 च्या दरम्यान आकडा आला तर जोडणी ठीक आहे. पाण्याचा रोध मल्टीमीटरच्या ओहम खुणेवर मात्र मोजू नये. मीटर स्वतःचा एकदिश प्रवाह सोडतो, टोकांवर लगेच गॅस जमतो आणि प्रत्येक वेळी वेगळाच, सरकत जाणारा आकडा दिसतो.

एकदा बोटाने पडदा हळूच 1 मिलिमीटर खाली दाबा. मीटर 60 वरून 70 च्या जवळ जायला हवा. टोक जास्त बुडालं, पाण्याशी संपर्काचं क्षेत्र वाढलं, रोध उतरला आणि प्रवाह चढला. तुम्ही आत्ता बोटाने केलंत तेच आवाज सेकंदाला शेकडो वेळा करणार आहे. फक्त तो पडद्याला 1 मिलिमीटर हलवत नाही. मोठ्याने बोललं तरी हालचाल मिलिमीटरच्या काही शतांशांतच राहते.

0.02 मिलिमीटर धरू. तेवढ्या हालचालीने रोध सुमारे 0.2 ओहमने बदलतो. 66 मध्ये 0.2 म्हणजे तीन दशांश टक्के, तेव्हा 60 मिलिअँपिअरच्या प्रवाहावर उठणारी लहर जेमतेम 0.2 मिलिअँपिअरची. बोलणं म्हणतात ते एवढंच, बाकीचा प्रवाह नुसता वाहतो. तो वाया जातो का? मघाचा चुंबक आठवा. कॉइलची ओढ प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. 60 मध्ये 0.2 मिळवून वर्ग केला तर 3600, अधिक 24, अधिक 0.04. 3600 ही स्थिर ओढ, ती ऐकू येत नाही. 24 हा लहरीचा खरा भाग. स्थिर प्रवाह नसता तर 0.04 एवढंच उरलं असतं आणि तेही दुप्पट कंपनसंख्येचं. त्या मुक्या 60 मिलिअँपिअरनी आवाजाची ओढ सहाशेपट केली.

मग टोक 2 मिलिमीटरच का बुडवायचं? कमी बुडवलं तर तेवढ्याच हालचालीत रोध जास्त बदलतो, म्हणजे आवाज वाढायला हवा, आणि 1 मिलिमीटरपर्यंत तो वाढतोही. त्याहूनही कमी बुडवत गेलं की शेवटी मोठ्या आवाजाला टोक पाण्याबाहेर येतं, प्रवाह तुटतो आणि यंत्र राइसचं होतं: शब्द जाऊन कडकड उरते. खूप खोल, 5-6 मिलिमीटर बुडवलं तर उलट होतं. प्रवाह मोठा दिसतो, मीटर पाहून बरं वाटतं, पण त्यावरची लहर बारीक होते. सुरुवात 2 वर करून सिरिंजने अर्धा-अर्धा मिलिलिटर काढत जावं आणि पहिली कडकड आली की दीड-दोन मिलिलिटर परत घालावं. तुमच्या यंत्राची खरी जागा तीच.

बोलून पाहताना

दोन खोल्या आणि बंद दारं ही बेलची हौस नव्हती. एकाच खोलीत किंवा उघड्या दारात हवेतून येणारा आवाज तारेतून आल्यासारखा वाटतो आणि माणूस स्वतःची फसवणूक करतो. ऐकणाऱ्याने एक कान झाकणाला लावून दुसरा बंद ठेवावा. ठरलेलं वाक्य कधीच बोलू नये, कारण माहीत असलेलं वाक्य कान स्वतःच पूर्ण करतो. बोलणाऱ्याने 1 ते 100 मधले वीस आकडे चिठ्ठ्या टाकून निवडावेत, हळू आणि मोठ्याने म्हणावेत, ऐकणाऱ्याने लिहून घ्यावेत आणि मग जुळवून पाहावं. मराठी आकडे यासाठी चांगले कठोर आहेत. 'आठ' आणि 'साठ' यांत फक्त 'स'चा फरक, 'सहा' आणि 'दहा' यांत एकाच वर्णाचा. स्वर येतात आणि 'स' येत नाही, तेव्हा वहीत साठच्या जागी आठ लिहिलेले सापडतात.

'स' जातो कुठे? त्याची बरीचशी शक्ती 4000 हर्ट्झच्या वर असते. तेवढ्या वेगाने कागदी पडदा पुरेसा हलत नाही. शिवाय बोल्टवरच्या 1000 वेढ्यांची कॉइल वेगाने बदलणाऱ्या प्रवाहाला जास्त अडवते आणि पत्र्याचं झाकण स्वतःच्या ठरावीक सुरांवरच जोरात वाजतं. तिन्ही ठिकाणी मार बसतो तो वरच्या कंपनांना. बेलच्या वहीतला 'मोठा पण गुरफटलेला' हा शेरा याचाच. पडदा जास्त ताणणं, लीड आखूड करणं आणि झाकण पातळ घेणं, याच क्रमाने सुधारणा करून पाहावी.

बिघाड ऐकून ओळखावेत

संपूर्ण शांतता आणि मीटर शून्यावर असेल तर वर्तुळ तुटलं आहे. न खरवडलेलं एनॅमल, लीडवरून सुटलेला पदर किंवा तुटलेलं लीड पाहा. शांतता असून मीटर 60 दाखवत असेल तर बहुधा झाकण बोल्टला चिकटून बसलं आहे. जोडताना 'टक' असा आवाज आला असेल तर खात्रीच समजा. पाव फेरा मागे घ्या.

सळसळ किंवा तळणासारखा आवाज म्हणजे बुडबुडे. 60 मिलिअँपिअरला मिनिटभरात लीडवर सुमारे पाव मिलिलिटर ऑक्सिजन तयार होतो. ऐकायला थोडा, पण 2 मिलिमीटर बुडालेल्या टोकापुढे तो डोंगर आहे. प्रत्येक बुडबुडा टोकाचा काही भाग झाकतो आणि सुटला की तो भाग पुन्हा उघडतो, म्हणजे रोध आपल्याच मनाने बदलत राहतो. आवाजाची लहर तीन दशांश टक्क्यांची, त्यामुळे बुडबुडा सहज जिंकतो. उपाय एवढाच की एका वेळी वीस-तीस सेकंद बोलावं, मग प्रवाह तोडून लीडला हलकी टिचकी मारावी. प्रवाह पाच-दहा मिनिटांत 60 वरून 40 वर उतरला तर टोकावर गॅसचा थर जमला आहे किंवा लीड झिजलं आहे. पाण्यात काळसर भुकटी दिसली की लीड बदलण्याची वेळ झाली. खिडकी उघडी ठेवून काम करावं. गॅस थोडाच असतो, पण बंद डब्यात साठू देऊ नये.

आवाज आधी चांगला येऊन हळूहळू खोल, बसका होत गेला तर पडदा ओलावला आहे. सेलला दोष देण्याआधी टिचकी मारून पाहावं.

पाणी टाकून द्यायचं, तर

या यंत्राची जमेची बाजू अशी की आवाजाला स्वतः वीज निर्माण करावी लागत नाही. वीज बॅटरी पुरवते, आवाज फक्त तोटी कमी-जास्त करतो. पण बुडबुडे, सांडणारं पाणी आणि झिजणारं टोक घेऊन टेलिफोन दुकानात विकता आला नसता. 25 जून 1876 रोजी फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात ब्राझीलचे सम्राट दुसरे पेद्रो आणि भौतिकशास्त्रज्ञ सर विल्यम टॉमसन यांनी बेलचं यंत्र ऐकलं, तेव्हा बेलचा भर चुंबकी बोलक्यावर, म्हणजे चुंबकावर चालणाऱ्या बोलण्याच्या भागावर होता. 2 जून 1875 ला वॉटसननी अडकलेली पोलादी पट्टी टिचकीने सोडवली, तेव्हा दुसऱ्या टोकाला बेलना जो टणत्कार ऐकू आला, त्याच तत्त्वावर ते चालत होतं. चुंबकित लोखंड कॉइलसमोर हललं की कॉइलमध्ये वीज उमटते.

तुमच्याकडे हे यंत्र निम्मं तयारच आहे. ऐकण्याच्या भागासारखाच दुसरा भाग बनवा, दोन्ही बोल्टांच्या मागे चुंबक चिकटवा आणि दोन कॉइल लांब वायरने थेट जोडा. बॅटरी नाही, वाटी नाही. एका झाकणापाशी जोरात 'आ' म्हटलं की पत्रा हलतो, बोल्टमधला चुंबकी प्रवाह कमी-जास्त होतो आणि त्याच्या बदलाच्या वेगाने वीज उठते. पलीकडची कॉइल तिचं पुन्हा ओढीत रूपांतर करते. एकच वस्तू तोंडही आणि कानही. 30 जानेवारी 1877 रोजी बेलना मिळालेल्या 186,787 क्रमांकाच्या पेटंटात कायम चुंबक आणि धातूचा पडदा आहेत ते यामुळेच.

इथे झाकण आणि बोल्ट यांच्यातलं अंतर फार जपावं लागतं. चुंबकाची ओढ बॅटरीच्या प्रवाहापेक्षा जास्त असू शकते, म्हणून अर्धा मिलिमीटरवर झाकण चिकटेल. आधी एक मिलिमीटर ठेवून पाव-पाव फेऱ्याने जवळ आणा आणि चिकटलं की पाव फेरा मागे या. आवाज वाटीच्या यंत्रापेक्षा क्षीण येईल, कारण आता सगळी शक्ती बोलणाऱ्याच्या छातीतून येते. पण त्यात सळसळ नसेल. पुढे एडिसननी कोळशाचा बोलका केला. त्यात पडद्याच्या दाबाने कोळशाचा रोध बदलतो आणि वीज पुन्हा बॅटरीची. म्हणजे 10 मार्चची तोटी परत आली, फक्त पाण्याविना, आणि ऐकण्यासाठी बेलचा चुंबक व पत्रा तसाच राहिला. तुमच्या फळीवरची वाटी काढून तिच्या जागी कोळशाचे दोन तुकडे एकमेकांवर हलके टेकवले आणि वरचा पडद्याला जोडला तर तेही तपासता येतं. त्या वेळी सेल दोनच ठेवा, कारण इथे पाण्याचे 2 व्होल्ट द्यावे लागत नाहीत.